समीकरण जुळले, गोष्ट जुळली नाही

मागच्या वर्षी वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते. आजपासून चार वर्षांनी ते तिच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघांची आजची वये किती?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीपासून पोलीस भरतीच्या पुस्तकांपर्यंत ‘वयवारी’ या मथळ्याखाली अशी गणिते भेटतात. समजा, आठवीतल्या एका मुलीने हे गणित वहीत सोडवले. मागच्या वर्षीचे मुलीचे वय तिने क्ष मानले, म्हणून वडिलांचे ४क्ष. चार वर्षांनी तिप्पट, म्हणून समीकरण मांडले: ४क्ष + ४ = ३(क्ष + ४). कंस सोडवला, ४क्ष + ४ = ३क्ष + १२ झाले आणि क्ष = ८ आले. म्हणजे मागच्या वर्षी मुलगी ८ वर्षांची, वडील ३२ वर्षांचे. आज मुलगी ९ आणि वडील ३३.

मुलगी शिस्तीची आहे. शिकवल्याप्रमाणे तिने ताळाही केला. डावी बाजू: ४ × ८ + ४ = ३६. उजवी बाजू: ३ × (८ + ४) = ३६. दोन्ही बाजू समान. उत्तराखाली दुहेरी रेघ ओढून ती पुढच्या गणिताकडे वळली.

या वहीत बेरीज चुकलेली नाही, कंस चुकलेला नाही, बाजू बदलताना चिन्हही चुकलेले नाही. फक्त उत्तर चुकले आहे. खरी वये मुलगी ११ आणि वडील ४१ अशी आहेत.

शाब्दिक गणितातली ही चूक सर्वांत चिवट असते. आकडेमोडीची चूक पुन्हा सोडवताना सापडते. मांडणीची चूक पुन्हा सोडवले की पुन्हा तेच उत्तर देते आणि उलट आत्मविश्वास वाढवते. मुलीने हे गणित दहा वेळा तपासले, तरी दहाही वेळा ३६ बरोबर ३६ येईल. कारण तिने उत्तर ज्या समीकरणात घातले, ते समीकरणच तिने मनाशी रचलेले होते. त्या ताळ्यातून एवढेच कळले, की हे समीकरण तिने नीट सोडवले आहे. पण परीक्षेत ते समीकरण विचारलेच नव्हते. विचारली होती एका बापलेकीची गोष्ट.

जमाखर्च लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तेरीज जुळली म्हणजे नावे आणि जमा सारखे आले, एवढेच ठरते. दुकानासाठी घेतलेल्या कपाटाची रक्कम कपाटाच्या खात्याऐवजी खरेदी खात्यावर टाकली, तरी तेरीज पैशापैशाने जुळते. चूक शोधायची तर पुन्हा बेरजा मारून उपयोग नसतो. मूळ पावती काढावी लागते.

शाब्दिक गणितात मूळ पावती म्हणजे गणिताची वाक्ये. उत्तर हातात घ्यायचे, समीकरणावर हात ठेवून ते झाकायचे आणि एकेक वाक्य वाचत ते खरे ठरते का, एवढेच बघायचे. आज मुलगी ९, वडील ३३ असे समजू. पहिले वाक्य मागच्या वर्षीचे: मुलगी ८, वडील ३२. आठ चोक बत्तीस, वाक्य खरे ठरले. दुसरे वाक्य आजपासून चार वर्षांनंतरचे: मुलगी १३, वडील ३७. तेराची तिप्पट ३९. वडील दोन वर्षांनी कमी पडले. वाक्य खोटे ठरले.

या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि तिच्यात क्ष कुठेच येत नाही. शिवाय ‘उत्तर चुकले’ एवढे सांगून ती थांबत नाही, चुकीचा पत्ताही देते. पहिले वाक्य टिकले आणि दुसरे पडले, तर बिघाड दुसऱ्या वाक्याच्या मांडणीत आहे. आता थोडी आणखी चौकशी करू. ९ आणि ३३ वयाची ही जोडी तिप्पटीला नेमकी कधी पोचते? तीन वर्षांनी: तेव्हा मुलगी १२, वडील ३६. तीन वर्षांनी म्हणजे मागच्या वर्षापासून मोजले तर चार वर्षांनी. चूक उघडी पडली. मुलीने क्ष मागच्या वर्षाचा धरला आणि त्यातच चार मिळवले. पण गणितातली चार वर्षे आजपासून मोजायची होती. मागचे वर्ष ते चार वर्षांनंतरचा दिवस हे अंतर पाच वर्षांचे आहे. म्हणून समीकरण हवे होते ४क्ष + ५ = ३(क्ष + ५). त्यातून क्ष = १० येतो. मागच्या वर्षी १० आणि ४०, आज ११ आणि ४१, चार वर्षांनी १५ आणि ४५. दोन्ही वाक्ये खरी.

पालक किंवा शिक्षक अनेकदा एक ढोबळ चाचणी सांगतात: उत्तर पटण्यासारखे आहे का बघ. ती उपयोगी आहेच. मुलगा वजा १२ वर्षांचा निघाला, किंवा बापापेक्षा लेक मोठी निघाली, तर शंका यायलाच हवी. पण वरच्या वहीतले ९ आणि ३३ पूर्ण पटण्यासारखे आहेत. चोवीस वर्षांच्या अंतराचे बापलेक घराघरांत असतात. दोघांच्या वयातला फरक कधी बदलत नाही, ही कसोटीही ते पार करतात: मागच्या वर्षी फरक २४, चार वर्षांनीही २४. ढोबळ चाचणीतून सहज निसटणारी चूक वाक्यांच्या ताळ्यात मात्र लगेच अडकते.

वयाच्या गणितांचा जोडीदार म्हणजे ‘काळ-काम-वेग’. तिथेही हेच घडते, फक्त वेश वेगळा असतो. एक रंगारी एका घराच्या भिंती एकट्याने ६ दिवसांत रंगवतो, दुसरा १२ दिवसांत. दोघांनी मिळून रंगवले तर किती दिवस लागतील?

कच्चा विद्यार्थी ६ आणि १२ ची बेरीज करून १८ सांगतो. ते हसण्यावारी जाते, कारण मदतीला माणूस आल्यावर काम लांबणार कसे? जरा विचार करणारा सरासरी काढतो, ९ दिवस. तेही टिकत नाही. पहिला एकटाच सहा दिवसांत मोकळा होतो. पण आणखी थोडा विचार करणारा म्हणतो, सरासरी माणसाला ९ दिवस लागतात, माणसे दोन आहेत, म्हणून ९ चे निम्मे, साडेचार दिवस. हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते पटते. दोघेही पहिल्यासारखे चपळ असते तर ३ दिवस लागले असते, दोघेही दुसऱ्यासारखे संथ असते तर ६ दिवस. साडेचार बरोबर मध्ये बसते.

इथे ताळा करायला घरात भिंती किती, हे स्वतःच ठरवून टाकावे. २४ भिंती धरू, कारण २४ ला ६ नेही भाग जातो आणि १२ नेही. पहिला रोज ४ भिंती रंगवतो, दुसरा २. साडेचार दिवसांत पहिल्याच्या १८ भिंती झाल्या, दुसऱ्याच्या ९. एकूण २७. घरात भिंती २४ च होत्या. तीन भिंती शेजाऱ्याच्या रंगवल्या गेल्या! चार दिवस धरले तर १६ आणि ८, बरोबर २४. उत्तर चार दिवस.

चुकीचे कारणही भिंतींनीच दाखवले. एकत्र येतात ती दोघांची रोजची कामे, त्यांचे दिवस नव्हेत. दिवसांची सरासरी काढताना संथ रंगाऱ्याचे १२ दिवस जास्त वजन टाकून बसतात, म्हणून वेळ नेहमी जास्तच निघतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही या जातीचे एक गणित आहे. चार झरे एक कुंड अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, तृतीयांश दिवसात आणि षष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर कुंड कधी भरेल? दिवसांच्या अपूर्णांकांशी झगडत बसण्याऐवजी प्रत्येक झरा पूर्ण दिवसात किती कुंडे भरेल ते बघावे: १, २, ३ आणि ६, मिळून १२. म्हणून एक कुंड दिवसाच्या बाराव्या भागात भरते.

आता याच घराण्यातले जरा कठीण गणित घेऊ, कारण त्यात ताळा करणाराही फसू शकतो. एक बांध पहिला गडी एकट्याने २० दिवसांत घालतो, दुसरा ३० दिवसांत. दोघांनी मिळून काम सुरू केले. काम संपायच्या ५ दिवस आधी पहिला गडी सोडून गेला. तर बांध एकूण किती दिवसांत पुरा झाला?

बांध ६० मीटरचा धरू. पहिला रोज ३ मीटर घालतो, दुसरा २ मीटर. दोघे मिळून रोज ५ मीटर, म्हणून एकत्र काम १२ दिवसांचे. बरेच जण इथून असे पुढे जातात: काम १२ दिवसांत संपले असते, पहिला ५ दिवस आधी गेला, म्हणजे दोघांनी ७ दिवस मिळून काम केले. सात दिवसांत ३५ मीटर झाले. उरलेले २५ मीटर दुसऱ्याने एकट्याने रोज २ प्रमाणे घातले, साडेबारा दिवस लागले. एकूण साडेएकोणीस दिवस.

आता मीटर मोजू. पहिला गडी ७ दिवस होता, त्याचे २१ मीटर. दुसरा साडेएकोणीस दिवस होता, त्याचे ३९ मीटर. बेरीज ६०. बांध पुरा झाला, एक वीतही कमी नाही की जास्त नाही. मागच्या गणितात भिंती मोजून चूक सापडली होती; इथे मीटर मोजले तरी सापडत नाही. विद्यार्थ्याला वाटते, आपण तर गोष्टीतच ताळा केला.

पण गोष्टीत अजून एक वाक्य आहे: पहिला गडी काम संपायच्या ५ दिवस आधी गेला. या उत्तरानुसार तो सातव्या दिवशी गेला आणि काम साडेएकोणिसाव्या दिवशी संपले. मधे गेले साडेबारा दिवस. हे वाक्य खोटे ठरले.

गडबड कुठे झाली? ‘काम संपायच्या आधी’ हे मोजताना शेवट म्हणून बारावा दिवस धरला गेला. पण बारावा दिवस हा शेवट फक्त तेव्हाच, जेव्हा पहिला गडी सोडून जातच नाही. तो गेला, त्याबरोबर शेवटही पुढे सरकला, आणि पाच दिवस त्या सरकलेल्या शेवटापासून मागे मोजायला हवे होते. हा सरकलेला शेवट माहीत नाही, म्हणून तोच क्ष. दुसरा गडी क्ष दिवस राबला, पहिला क्ष − ५ दिवस. ३(क्ष − ५) + २क्ष = ६०. म्हणजे ५क्ष = ७५, क्ष = १५. पहिल्याचे १० दिवसांचे ३० मीटर, दुसऱ्याचे १५ दिवसांचे ३० मीटर. पहिला दहाव्या दिवशी गेला, काम पंधराव्या दिवशी संपले. दोन्ही वाक्ये खरी.

वयाच्या गणितात आणि बांधाच्या गणितात चूक एकच आहे, हे इथे दिसते. एकात चार वर्षे चुकीच्या सुरुवातीपासून मोजली, दुसऱ्यात पाच दिवस चुकीच्या शेवटापासून. आणि ताळ्याचा नियमही एकच ठरतो: गणितात जितक्या अटी, तितके ताळे. त्यातला एक जरी राहिला, तरी नेमकी त्याच अटीत चूक लपलेली असू शकते. म्हणून सोडवण्याआधी गणितातल्या अटींना पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घालून ठेवले, तर शेवटी कोणती तपासायची राहिली ते लगेच कळते.

अशा चुका केवळ शाळकरी पोरांच्या नसतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले संशोधक जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एकच वाक्य समीकरणात लिहायला सांगितले होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या आणि प्राध्यापकांची संख्या यांसाठी एकेक अक्षर दिलेले होते. सोडवायचे काहीच नव्हते. तरीही ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश जणांनी सहाचा आकडा उलट बाजूला लावला: ६ × विद्यार्थी = प्राध्यापक.

असे का होते? एक कारण म्हणजे वाक्यात शब्द ज्या ओळीने येतात, त्याच ओळीने ते समीकरणात उतरवले जातात. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. डोळ्यांसमोर एका प्राध्यापकाभोवती बसलेले सहा विद्यार्थी येतात आणि हात ‘सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक’ असे चित्र लिहून जातो. अक्षर संख्येऐवजी माणसांचे नाव बनते. तिथेही औषध तेच. दहा प्राध्यापक धरले तर वाक्यानुसार विद्यार्थी ६०. उलट समीकरणात घालून बघा: ६ × ६० बरोबर १० येते का?

‘एखादी संख्या धरून बघा’ हा सल्ला लीलावतीच्या वाचकांना नवा नव्हता. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात भास्कराचार्य ‘इष्टकर्म’ नावाची रीत देतात. मनाला येईल ती संख्या घ्यायची, गणितात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या, आणि आलेले उत्तर व दिलेले उत्तर यांच्या प्रमाणात ती संख्या वाढवायची किंवा घटवायची. ही रीत उत्तर काढायला फक्त तिथे चालते, जिथे सगळे व्यवहार पट आणि हिस्सा यांचे आहेत. वयाच्या गणितात मधेच ‘अधिक चार’ येते, त्यामुळे नुसते प्रमाण लावून उत्तर मिळत नाही. पण समीकरण बरोबर मांडले जावे म्हणून ती तिथेही उपयोगी पडते.

मागच्या वर्षी मुलगी ६ वर्षांची होती असे उगाच धरू. तेव्हा वडील २४. आज मुलगी ७, वडील २५. चार वर्षांनी ११ आणि २९. अकराची तिप्पट ३३, म्हणजे चारचा फरक राहिला. अंदाज चुकला, पण हरकत नाही. करताना हाताने काय काय केले ते महत्त्वाचे. सहात आधी एक मिळवला, मग चार. आता त्याच पायऱ्या सहाच्या जागी क्ष ठेवून लिहिल्या, तर एक मिळवायचा विसरणे अवघड होते, आणि समीकरण आपसूक ४क्ष + १ + ४ = ३(क्ष + १ + ४) असे उतरते. ज्यांना क्ष नकोच असेल, त्यांनी सहाऐवजी सात धरून बघावे: फरक तीनवर येतो. आठ धरले की दोन, नऊ धरले की एक, दहा धरले की शून्य.

पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत या सवयीचा उपयोग आणखी वाढतो. चार पर्यायांत ‘९ आणि ३३’ असेल, तर मांडणी चुकलेला परीक्षार्थी आपले उत्तर समोर छापलेले पाहून निर्धास्त होतो आणि गोळा रंगवून टाकतो. त्याच वेळेत चारही पर्याय दोन्ही वाक्यांत घालून बघता आले असते, समीकरण न मांडताच.

या ताळ्याची एक मर्यादा मात्र आहे. वाक्याचा अर्थच चुकीचा घेतला असेल, तर तपासतानाही तोच चुकीचा अर्थ घेतला जातो. ‘तिप्पट’ आणि ‘तिपटीने जास्त’ हे शब्दप्रयोग घ्या. पाचाच्या तिप्पट पंधरा, यावर वाद नाही. पण पाचापेक्षा तिपटीने जास्त म्हणजे कोणी पंधरा समजते, कोणी वीस. तसेच विचारले काय आहे, हेही ताळा सांगत नाही. वडिलांचे आजचे वय विचारलेले असते आणि क्षच्या नादात मागच्या वर्षीचे ४० लिहिले जातात. प्रश्नाची शेवटची ओळ उत्तर लिहिताना पुन्हा वाचण्यावाचून त्यावर दुसरा उपाय नाही.

आणि एक शेवटचे गणित, गच्चीवरच्या टाकीचे. नळ टाकी ८ तासांत भरतो. तळाला चीर पडल्यामुळे भरायला १२ तास लागू लागले. नळ बंद केला, तर भरलेली टाकी त्या चिरेतून किती तासांत रिकामी होईल? बारातून आठ गेले, चार तास, असे उत्तर पटकन सुचते. वजाबाकीत खोट नाही. पण ती टाकी डोळ्यांसमोर आणा: चीर चार तासांत टाकी रिकामी करते, नळाला भरायला आठ तास लागतात. मग अशी टाकी कधी भरेल तरी का? चोवीस तास धरून पुन्हा बघा. बारा तासांत नळाने दीड टाकी पाणी सोडले, चिरेतून अर्धी टाकी गळाली, आणि एक टाकी भरून उरली.